सात दीड किती?

"आजी, तू परत पाठ फिरवलीस."

"मग फळ्यावर काय हात मागे करून लिहू?"

ओंकारने रेकॉर्डिंग थांबवलं. पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल जरा तिरका केला, फळा सरकवून आजीच्या उजव्या हाताशी आणला. "आता कडेला उभी राहून लिही. मध्ये मध्ये इकडे बघ. माझ्याकडे नाही गं, त्या बारीक काळ्या ठिपक्याकडे."

वाईजवळच्या जिल्हा परिषद शाळेत उभी हयात घालवलेल्या सुमनबाईंना त्या ठिपक्याशी बोलणं काही जमेना. ठिपका जांभई देत नाही, खिडकीबाहेर बघत नाही. कोणाला कळलं, कोणाचं लक्ष भलतीकडे आहे, पत्ताच लागत नाही. त्यात आवाज येतो म्हणून पंखा बंद. घाम पुसताना हाताचा खडू कपाळभर झाला. ओंकारने नुसता रुमाल पुढे केला, हसला नाही.

"पुन्हा?"

"पुन्हा. घाई कुठेय?"

विषय बाईंनीच निवडला होता: दिडकी, म्हणजे दीडचा पाढा. दीड किलो वांगी घेतली तरी पोरं हिशेबाला मोबाईल काढतात, हा त्यांचा जुना राग. साठ रुपये किलो, साठात निम्मे मिळवले की नव्वद. एवढ्याला यंत्र कशाला लागतं?

या खेपेला मात्र गाडी रुळाला लागली. "एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार..." आवाज आपसूक वर्गातला झाला. "आता सांगा, सात दीड किती?"

आणि बाई गप्प उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी बाई हलेनात. विसरली बहुतेक, असं वाटून ओंकार मोबाईलमागून कुजबुजला, "साडेनऊ."

"चूक! सातात सातचे निम्मे मिळव."

"सात... साडेतीन... साडेदहा."

"शाब्बास. मोठ्याने सांग, मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"आजी, हे रेकॉर्ड होतंय!"

"होऊ दे की."

नंतर दोघं डोक्याला डोकं लावून व्हिडिओ बघत बसले. "हा गप्प बसलेला भाग कापतो," ओंकार म्हणाला. "आणि माझं साडेनऊसुद्धा."

"काही कापायचं नाही. आपण थांबलो नाही तर ऐकणारं पोर गणित करणार कधी? आणि चुकलेलं उत्तर राहू दे. पोरांना वाटतं, आपण एकटेच चुकतो."

"माझे मित्र बघतील ना गं!"

"बघू देत. त्यांना नऊ दीड विचार. तुला येतं ना?"

ओंकारचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला.

"पेरं नकोत," म्हणत बाई पंखा लावायला उठल्या.