उसाच्या ट्रॉलीच्या ड्रॉबार पिनांची आघात चाचणी: अहवाल

प्रति: वर्कशॉप मालक, उद्यमनगर, कोल्हापूर
चाचणी: धातू चाचणी विभाग, शिरोली एमआयडीसी
दिनांक: 9 जानेवारी 2025

गाळप हंगामात पहाटेच्या फेऱ्यांमध्ये पिना डोक्याखालच्या खांद्यात तुटतात, अशी आपली तक्रार होती. आपण तुटलेल्या 5 पिना दिल्या: व्यास 40 मिमी, ईएन 8. त्यांचे रासायनिक पृथक्करण ठीक आले (कार्बन 0.41 टक्के). कडकपणाही डोक्याकडे 207 आणि शेपटाकडे 201 ब्रिनेल, म्हणजे फरक नगण्य. या दोन कागदांवर पिना पास होतात. म्हणूनच आघात चाचणी करावी लागली.

नमुने तीन प्रकारचे घेतले. ‘अ’ डोक्यालगतच्या भागातून आणि ‘ब’ शेपटाकडून, जिथे भट्टीची धग पोचलेली नाही. ‘क’ डोक्यालगतचाच भाग, पण 860 अंशांवर तासभर ठेवून उघड्या हवेत थंड केलेला. प्रत्येक नमुना 10 × 10 × 55 मिमी, मधोमध 45 अंशांची व्ही खाच, खोली 2 मिमी, तळाची त्रिज्या 0.25 मिमी. खाच ब्रोचने काढून प्रोजेक्टरवर तपासली, कारण तळाची गोलाई जरा वाढली तरी आकडा फुगतो.

मशीन 300 जूलचे चार्पी. ऐरणींमधले अंतर 40 मिमी, खाचेची बाजू हातोड्याच्या विरुद्ध. नमुने द्रवात किमान 5 मिनिटे ठेवले आणि बाहेर काढल्यापासून 5 सेकंदांच्या आत ठोका दिला. बर्फाचे पाणी 0 अंश, खोलीचे तापमान 27 आणि उकळते पाणी 98 अंश (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून बरेच उंच असल्याने इथे पाणी 100 च्या आधीच उकळते).

नमुना तोडल्यावर लोलक पलीकडे किती चढतो, त्यावरून शोषलेली ऊर्जा निघते:

E = mgR(cos β − cos α)

इथे m = 21.0 किलो, R = 0.825 मी, सोडण्याचा कोन α = 140 अंश. 27 अंशांना ‘अ’चा एक नमुना तोडून लोलक 135 अंशांपर्यंत चढला, म्हणजे 10 जूल. वाटेत काही आडवे आले हे त्याला जेमतेम जाणवले. ‘क’चा एक तोडल्यावर तो 124 अंशांवर थांबला, म्हणजे 35 जूल. रिकाम्या झोक्यातील घर्षणाची वजावट केलेली आहे.

| नमुना | 0 अंश (जूल) | 27 अंश (जूल) | 98 अंश (जूल) |
|---|---|---|---|
| अ | 6, 5, 7 | 10, 11, 9 | 23, 27, 22 |
| ब | 18, 21, 19 | 30, 33, 31 | 54, 57, 52 |
| क | 21, 24, 22 | 36, 34, 35 | 59, 62, 60 |

डायलवरची एक रेघ 2 जूलची आहे, त्यामुळे ‘अ’च्या 5 आणि 7 मधल्या फरकाला अर्थ नाही. 10 आणि 35 मधल्या फरकाला मात्र आहे.

तुटलेला पृष्ठभाग आकड्यांइतकाच बोलका आहे. 27 अंशांना ‘अ’चे तुकडे जवळजवळ पूर्ण चकचकीत होते, खडीसाखर फोडल्यासारखे, आणि कडा सरळ, म्हणजे धातू न ताणता कणांमधून सरळ चिरला. ‘क’मध्ये कडेने करडा, तंतुमय पट्टा आणि बाजूंना थोडा फुगवटा दिसतो. ऊर्जा खर्च होते ती धातू ताणला जाताना, याच पट्ट्यात. तो नसेल तर फट एकदा सुटली की तिला अडवायला काही उरत नाही. ठिसूळपणा म्हणतात तो हाच, आणि तो कडकपणाच्या आकड्यात दिसत नाही.

तिन्ही प्रकारांत थंडीने ऊर्जा घटते. साध्या पोलादाचा तो स्वभावच आहे. पण ‘अ’ नेहमीच्या तापमानालाच तळाशी बसला आहे, म्हणून पहाटेच्या गारव्यात हिसका बसल्यावर त्याच्याजवळ काही शिल्लक नसते.

कारण मालात नाही. एकाच पिनेचे शेपूट 31 जूल घेते आणि डोके 10, आणि डोके पुन्हा नॉर्मलाइझ केले की 35 वर येते. डोके ठोकताना पीन जास्त तापली, कण मोठे झाले आणि नंतर नॉर्मलायझिंग झाले नाही, असा आमचा निष्कर्ष आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ‘अ’चे कण ‘ब’पेक्षा उघडपणे मोठे दिसले. त्यात खांद्याचा कोपरा टूलने धारदार सोडला आहे. आम्ही नमुन्यावर मुद्दाम काढतो तशी खाच पिनेवर आयतीच आहे.

या आकड्यांवरून पीन किती टन ओढेल हे काढता येत नाही. चार्पीचा आकडा ठराविक नमुन्याचा, ठराविक खाचेचा असतो. तो तुलनेसाठी वापरावा.

डोके ठोकलेल्या सर्व पिना 850 ते 870 अंशांवर नॉर्मलाइझ कराव्यात आणि खांद्याला किमान 3 मिमी त्रिज्या द्यावी. पुढच्या प्रत्येक भट्टीतून तीन नमुने 27 अंशांना तोडून पाहावेत. सरासरी 27 जूलच्या खाली आली तर तो माल अडवावा, असे आम्ही सुचवतो. आधीच्या लॉटमधल्या ज्या पिना ट्रॉलींवर आहेत, त्या बदलेपर्यंत भरल्या गाडीला लावू नयेत. तुटलेले नमुने महिनाभर इथे ठेवले आहेत; येऊन पाहू शकता.