अर्ज क्रमांक ४७ : निबंधाचं तिसरं वाचन

विषय : 'मी तोंड दिलेली अडचण'. शब्दमर्यादा ५००. पहिल्या परीक्षकांनी ४० पैकी ३१ गुण दिले, दुसऱ्यांनी १८. फरक ६ गुणांच्या वर गेल्यामुळे निबंध तिसऱ्या वाचनाला आला. माझे गुण २७. दोघांनीही प्रामाणिकपणे तपासलंय. मात्र एकाच्या मनावर मधला परिच्छेद ठसला, दुसऱ्याच्या मनावर सुरुवात आणि शेवट. म्हणून गुणांमागचं कारण जरा सविस्तर लिहितो.

अर्जदार चोपडा तालुक्यातली. वडील सालदार, म्हणजे एकाच मालकाच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारे; आई कापूस वेचायला जाते. प्रवेश बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हवाय.

सुरुवात अशी आहे : "अठराविश्वं दारिद्र्य आमच्या पाचवीलाच पुजलेलं. आईवडिलांनी रक्ताचं पाणी करून मला शिकवलं. परिस्थिती माणसाला घडवते म्हणतात ते खोटं नाही." पहिले ९० शब्द सगळे याच चालीचे. त्यात गाव नाही, महिना नाही, माणूस नाही. हा परिच्छेद उचलून यावलच्या केळीबागेतल्या मजुराच्या मुलाच्या अर्जाला लावा, नाहीतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या धडगावच्या कुटुंबातल्या मुलीच्या अर्जाला. एक शब्दही बदलावा लागत नाही. पेन्सिल घेऊन अशा वाक्यांवर खुणा केल्या, तर ३८ पैकी २१ वाक्यं निघाली. 'साचा टाळणं' या कलमात १० पैकी ३ गुण दिलेत ते याच मोजणीवरून.

ही वाक्यं खोटी मात्र नाहीत. शाळेत निबंध असाच शिकवला जातो, आणि साधं लिहिलं तर आपली गरिबी परीक्षकाला दिसणारच नाही अशी धास्ती मुलांना असते. म्हणून साच्याचे गुण एकदाच कापावेत, त्याच कलमात. दुसऱ्या परीक्षकांनी त्याच कारणासाठी तपशिलाचेही गुण कापलेत. एका चुकीचा दंड दोनदा झाला, आणि १८ चा आकडा बहुतांशी त्यातून आलाय.

आता तिसरा परिच्छेद. हा सावकाश वाचावा.

वडिलांचं साल ९६,००० रुपयांना ठरलेलं. उचल २५,००० घेतलेली. नववीपासून ती एका शंभरपानी वहीत वडिलांचे खाडे लिहिते. कामाच्या दिवसाला टिंब, खाड्याला फुली, फुलीशेजारी कारण : 'ताप', 'मावशीकडे दहावं'. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशोब झाला तेव्हा मालकाच्या कागदावर १४ खाडे निघाले, तिच्या वहीत ९. वडील म्हणाले, जाऊ दे. आई म्हणाली, "ती वही मालकले दखाड." मुलगी वही घेऊन गेली. जास्तीचे पाचही दिवस पावसाचे होते. वाफसा नाही, येऊ नको, असं मालकानंच सांगितलेलं. मालकानं तीन दिवस मान्य केले, दोन केले नाहीत. पाच दिवसांचे १,३१५ रुपये जाणार होते, त्यातले ७८९ परत मिळाले.

आकडे ताडून पाहिले. ९६,००० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला २६३. पाच दिवसांचे १,३१५ आणि तीन दिवसांचे ७८९. बरोबर जुळतात. कल्पनेतून रचलेल्या प्रसंगात रक्कम बहुधा गोल असते आणि शेवटी मालकाला उपरती होते. इथे दोन दिवस गेले ते गेलेच, आणि तिनं ते लिहून टाकलंय. अर्धवट मिळालेला न्याय इतक्या सरळपणे मांडणं अठरा वर्षांच्या मुलीला सोपं नाही. मला या निबंधातली सगळ्यांत मोलाची जागा तीच वाटते.

तपशिलाचं काम या परिच्छेदात नीट दिसतं. टिंब आणि फुली वाचली की मुलीची सवय कळते. 'जाऊ दे' या दोन शब्दांत वडिलांचं मालकाशी असलेलं नातं कळतं : पुढच्या सालाची बोली त्याच्याशीच व्हायचीय. अडचण काय, तिनं काय केलं, त्याला काय किंमत होती, हे सगळं एकही विशेषण न वापरता आलंय. तपशिलाला १५ पैकी १२ आणि 'स्वतःची कृती आणि निर्णय' याला १० पैकी ९.

तपशिलाचे तीन गुण गेले ते दोन ठिकाणी. पहिलं, "रोज ७ किलोमीटर सायकलनं जात असे." आकडा आहे, पण त्याचा परिणाम कुठेच नाही. पहिला तास बुडायचा का? पावसाळ्यात नाल्याला पाणी आल्यावर काय व्हायचं? नुसता आकडा म्हणजे तपशील नव्हे. त्यानं वाचणाऱ्याला काहीतरी नवं कळायला हवं.

दुसरं, "कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला." दुसऱ्या परीक्षकांनी समासात 'विसंगत' असा शेरा मारलाय, कारण पुढे घरी मोबाइल चार्ज केल्याचा उल्लेख येतो. हा शेरा काढावा अशी विनंती आहे. कुटुंब मालकाच्या शेतातल्या खोलीत राहतं, हे तिनं ओझरतं लिहिलंय. अशा खोलीला पुष्कळदा शेतीच्याच लाइनवरून वीज असते, आणि ती पाळीनं येते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणजे एका आठवड्यात दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तिनं 'मोटारीची पाळी असेल तेव्हाच आमच्या खोलीत बल्ब लागतो' एवढंच लिहिलं असतं, तर या घिशापिट्या कंदिलाची गरजच पडली नसती. आपल्या घरातली सगळ्यांत वेगळी गोष्ट तिला रोजचीच वाटते, म्हणून ती सांगायची राहून गेली.

शेवटच्या परिच्छेदात ती "कलेक्टर होऊन गोरगरिबांची सेवा" करणार आहे. अर्ज बी.कॉम.चा, चार वर्षं वही ठेवलेली, आणि शेवटात हिशोबाचा शब्द नाही. मांडणीचे ५ पैकी ३ दिलेत ते यामुळे. 'दखाड', 'आखाजी', 'माय' या शब्दांखाली लाल रेघा आहेत. त्यांचे गुण कापू नयेत. आईचं वाक्य अहिराणीत आहे म्हणूनच ते आईचं वाटतं. शुद्धलेखनाला आपल्या तक्त्यात कलम नाही.

एका मुद्द्यावर पहिल्या परीक्षकांशी मतभेद नोंदवतो. "परिस्थिती अत्यंत हलाखीची, म्हणून वाढीव गुण" असं त्यांनी लिहिलंय. गरज तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून वेगळी तपासली जाते. तीच निबंधात पुन्हा मोजली, तर ज्याचं दुःख मोठं त्याचा निबंध चांगला असा हिशोब होतो, आणि पुढच्या वर्षी मुलं दुःख वाढवून लिहायला लागतात.

एकूण : १२ + ९ + ३ + ३ = २७. मुलाखतीला बोलवावं, ही शिफारस.

मुलाखतीत वही पुरावा म्हणून मागू नये. मालकाच्या कागदासमोर एकदा तिला ती उघडावी लागलीय. तिला दोनच गोष्टी विचाराव्यात : जे दोन दिवस मान्य झाले नाहीत त्यांबद्दल मालक काय म्हणाला, आणि यंदाच्या आखाजीपासून वहीत काय वेगळं लिहायला लागलीस?