त्वचेवरची लक्षणं केसपेपरवर कशी नोंदवावीत : ओपीडीसाठी सूचना

त्वचारोग व सामान्य ओपीडी, राजारामपुरी, कोल्हापूर
कोणासाठी : सर्व सिस्टर, कंपाउंडर आणि ज्युनियर डॉक्टर
लागू : १ जुलैपासून

आपल्या ओपीडीत शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार येतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तालमीतली पोरं येतात, आठवड्याची बाळंही येतात. या सगळ्यांचा रंग सारखा नसतो. आपण शिकलो ती चित्रं मात्र बहुतेक गोऱ्या कातडीची होती. त्यामुळे नजर लाल रंग शोधत राहते, सावळ्या कातडीवर तो सापडत नाही आणि केसपेपरवर ‘रेडनेस नाही’ असं उतरतं. पुढचा डॉक्टर ते वाचून सूज नाही असंच समजतो.

आधी मूळ रंग, मग बदल

प्रत्येक वर्णन त्या पेशंटच्या स्वतःच्या निरोगी कातडीशी ताडून लिहा. मूळ रंग दंडाच्या आतल्या बाजूला पाहायचा, कारण तिथे ऊन लागत नाही. डाव्या पायाला त्रास असेल तर उजवा पायही उघडा करून शेजारी ठेवा. ‘लाल’, ‘काळपट’ एवढंच लिहून सोडू नका. आजूबाजूपेक्षा गडद की फिकट, आणि छटा कोणती हे लिहा : जांभळट, तपकिरी, राखाडी, तांबूस. गव्हाळ कातडीवर सूज गुलाबी-लाल दिसते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर तीच सूज जांभळट, गडद तपकिरी किंवा राखाडी दिसते. सोरायसिसचे चट्टे जांभळट आणि वरचा पापुद्रा राखाडी असेल, तर तसंच लिहा.

‘गोरा’, ‘काळा’, ‘निमगोरा’ हे शब्द स्थळं बघताना वापरतात. केसपेपरवर ‘मूळ त्वचा फिकट / मध्यम / गडद तपकिरी’ पुरे. फिट्झपॅट्रिकचा प्रकार हा कातडीच्या रंगाचा तक्ता नाही. १९७५ साली तो तयार झाला तो ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते, हे ठरवण्यासाठी. लेसर किंवा फोटोथेरपीच्या पेशंटला तेवढा प्रश्न विचारा आणि मगच प्रकार भरा. चेहरा, गाव किंवा जात बघून अंदाजाने आकडा टाकू नका.

डोळ्याला न दिसलेलं हाताला कळतं

हातमोजा घालण्याआधी, जखम ओली नसेल तर, हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची उष्णता ताडा. सूज, ताठपणा, दुखणं तपासा. पायाच्या सेल्युलायटिसची नोंद साधारण अशी यावी :

‘उजव्या पोटरीवर ६ × ४ सेंमी भाग, आजूबाजूच्या गडद तपकिरी त्वचेपेक्षा जांभळट. डाव्या पोटरीपेक्षा गरम, ताठ, दाबल्यावर दुखतो. कडा अस्पष्ट. चौथ्या व पाचव्या बोटांच्या मध्ये भेग. ताप कालपासून.’

माप सेंटिमीटरमध्ये घ्या, पट्टी टेबलावर आहे. ‘रुपयाएवढा’ म्हटलं की कोणता रुपया, हा वाद उरतोच.

काचेच्या पट्टीने दाबून पाहिलं तर ‘रंग गेला’, ‘गेला नाही’ किंवा ‘कळलं नाही’ यांतलं एक लिहा. गडद कातडीवर ‘कळलं नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे आणि ते चालतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या माकडहाडावर याची फार गरज लागते. तिथे पहिल्या पायरीची दाबजखम रंगावरून ओळखू येत नाही. जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड, कडक किंवा मऊ आहे का, पेशंटला दुखतं का, हेच बघायचं. तापाच्या पेशंटला बारीक रक्ताचे ठिपके आहेत का, हे पापणीच्या आत आणि टाळ्यावरही पाहा. गोवराची पुरळ सावळ्या मुलाच्या अंगावर बोट फिरवल्यावर आधी जाणवते. गालाच्या आतले पांढरे ठिपकेही तपासा.

फिकट, पिवळा, निळा

या तिन्हींसाठी खिडकीजवळचा उजेड लागतो. पिवळ्या बल्बखाली कावीळ ठरवू नका. रक्त कमी आहे का, ते खालच्या पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहातावर बघा. गडद चेहरा फिकट पडतो तेव्हा राखेसारखा दिसतो. कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात बुबुळाजवळ आणि टाळ्यावर पाहा. कडेचा पिवळसरपणा किंवा तपकिरी ठिपके अनेकांना मुळातच असतात. हळदीनंतरची नवरी आली तर गाल बघून काही ठरत नाही. निळेपणा ओठांच्या आत, जिभेवर आणि हिरड्यांवर शोधा. मेंदी किंवा नेलपॉलिश असलेली नखं सोडून द्या. गडद बोटावर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. पेशंट धापा टाकत असेल, तर आकडा बरा आहे म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवू नका.

पांढरे डाग

इथे घाईचा शब्द सर्वांत महागात पडतो. खडूसारखा पूर्ण पांढरा, नुसता फिकट की तांबूस, हे आधी लिहा. वर कोंडा आहे का ते काचेच्या कडेने हलकेच खरवडून पाहा, शिब्याला बारीक भुसा निघतो. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल तर संवेदना तपासल्याशिवाय पेपर पुढे पाठवू नका. कापसाचं टोक आधी निरोगी कातडीला लावून पेशंटला समजावून सांगा, मग डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर लावा, आणि जाणवलं तिथे बोट ठेवायला सांगा. निकाल लिहायचाच, नॉर्मल असला तरीही. चेहऱ्यावर संवेदना कमी झालेली सहज सापडत नाही, म्हणून तिथल्या ‘नॉर्मल’वर विसंबू नका. ‘कोड’ किंवा ‘कुष्ठ’ हा शब्द डॉक्टरांनी निदान केल्याशिवाय पेपरवर लिहू नये, आणि काउंटरवर मोठ्याने तर नकोच. बाहेर सासू बसलेली असते.

नायटा, जुने डाग, बाळाचे डाग

तालमीत कुस्ती, घाम आणि एकच टॉवेल यांमुळे नायटा पसरतो. गडद कातडीवर त्याची कड राखाडी-तपकिरी दिसते. मेडिकलवरून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब लावली असेल तर कडाही पुसट होतात. म्हणून ‘काय लावलं?’ हे विचारा, ट्यूब मागवून तिचं नाव लिहा. बरं झाल्यावर उरलेला गडद डाग हा चालू आजार नव्हे. खाज, खवले, उंचवटा नसेल तर ‘सपाट, जुना डाग’ लिहा. तळपाय, तळहात किंवा नखाखालचा नवा काळा डाग मात्र त्याच दिवशी मला दाखवायचा. नखावरची सरळ तपकिरी रेघ सावळ्या माणसांत बरेचदा साधी असते, पण ती रुंद होत असेल किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली असेल तर तीही दाखवा.

बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर-राखाडी सपाट डाग जन्मतःच असतात आणि बहुधा वाढत्या वयात जातात. पहिल्या तपासणीतच जागा व माप लिहून ठेवा, नाहीतर पुढे कुणीतरी त्यांना माराचे वळ समजेल.

फोटो

संमतीची सही घेऊनच, आणि फक्त ओपीडीच्या फोनवर. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, पट्टी शेजारी, एक लांबून आणि एक जवळून. शेजारची निरोगी कातडी फ्रेममध्ये हवी. फोन स्वतःहून चेहरा उजळवतो, ते ब्युटी सेटिंग बंद ठेवा. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही.

जुनी नोंद चुकीची वाटली तर खोडू नका. खाली तारीख, वेळ आणि सही करून नवी ओळ लिहा.