बिनसाखरेचा
दिल्या : दोन कटिंग दे रे भाऊ.
सुन्या : माझा बिनसाखरेचा, दूध पण नको.
दिल्या : मग गरम पाणीच पी की! काय झालंय तुला, गालफडं बसलीत पार.
सुन्या : डाएट चालू आहे, दिवसाला ६०० कॅलरी फक्त, आठवड्यात ४ किलो उतरलो माहितीये!
दिल्या : अरे त्यातलं बरंचसं पाणी उतरलंय लेका, सगळी चरबी नाही. खाणं तोडलं की शरीर आधी ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा वापरतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरलेलं असतं ते पण जातं, म्हणून काटा धाडकन खाली येतो.
सुन्या : काटा खाली आला ना पण, बस झालं.
दिल्या : आणि हात का थरथरतोय? ग्लास ठेव आधी खाली, सांडशील.
सुन्या : सकाळपासून जरा गरगरतंय... होईल सवय.
दिल्या : डोंबलाची सवय! ८०० च्या खालचं डाएट डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करतच नाहीत, पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्नायू झडतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागू शकतात, आधीच तुझ्याकडे किती उरलेत.
सुन्या : केसांवर जाऊ नको हां.
दिल्या : आठवड्याला अर्धा-एक किलो कमी कर ना, कोण अडवतंय. कुणी सांगितलं हे डाएट?
सुन्या : मेहुण्याने फॉरवर्ड केलं.
दिल्या : तो स्वतः करतोय?
सुन्या : ...नाही.
दिल्या : भाऊ, याच्यात साखर टाक रे!
सुन्या : अर्धा चमचाच हां.