विषय: द्वारका–सोमनाथ–सासण गीर सहल: २८ ज्येष्ठांच्या जेवणाबाबत हॉटेलांना कळवायच्या गोष्टी

नमस्कार रोहित,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "काकू, काळजी करू नका, सगळीकडे शुद्ध शाकाहारी आहे." ते ठाऊक आहे. आमची अडचण शाकाहाराची नाहीच. आम्ही २८ जण ६५ ते ८४ वयाचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या ताटाला डॉक्टरांनी अटी घातल्या आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते. तिन्ही हॉटेलांच्या व्यवस्थापकांबरोबर तिथल्या महाराजांपर्यंतही हे पोहोचवा.

सगळ्यात आधी वेळ. अकरा जणांना मधुमेह आहे, त्यातले चार जण जेवणाआधी इन्सुलिन घेतात. इंजेक्शन घेतल्यावर "पाच मिनिटांत आणतो" म्हणून अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलं की साखर घसरून चक्कर येते. त्यामुळे नाश्ता साडेसात, दुपारचं जेवण साडेबारा-एक आणि रात्रीचं साडेसात, आणि ताटं खरोखरच लागलेली हवीत. सोमनाथला मात्र संध्याकाळची आरती सातला असते आणि ती कुणी चुकवणार नाही. तेव्हा त्या दिवशी सहाच्या आधी चहाबरोबर खाकरा किंवा उपमा द्या आणि जेवण आठला ठेवा. गीरच्या सकाळच्या सफारीला हॉटेलातून अंधारातच निघायचं, तेव्हा पाकिटात ठेपले, उकडलेले चणे आणि एखादं फळ द्यावं. नुसती बिस्किटं नकोत.

आता चव. काठियावाडी जेवण मला स्वतःला फार आवडतं, पण तिकडे डाळीत आणि कढीत गूळ-साखर पडते. मधुमेहींसाठी एका पातेल्यात बिनगुळाचं साधं वरण वेगळं काढावं, फोडणीनंतर गोड घालायच्या आधी. चहाही दोन किटल्यांत, एक बिनसाखरेचा. गोड पदार्थ जरूर ठेवा, आम्ही काही संन्यास घेतलेला नाही, फक्त न विचारता ताटात वाढू नका.

रक्तदाबवाल्यांना गाठिया आणि पापड नको, कारण त्यांत मिठाबरोबर खारही असतो. लोणचं, चटणी बाजूला वाटीत द्यावी.

दोघांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांचं पथ्य सगळ्यात कडक. मीठ अगदी कमी, डाळ मोजकी, टोमॅटो-बटाट्याची भाजी नको, केळी आणि शहाळ्याचं पाणीही नको. "आमच्याकडे कमी सोडियमचं मीठ आहे, ते घालतो" असं कुणी प्रेमाने म्हणालं तर त्याला थांबवा. त्या मिठात पोटॅशियम असतं आणि या दोघांना तेच वर्ज्य आहे. दुधी, दोडका, पडवळ यांपैकी एखादी साधी भाजी आणि दोन फुलके दिलेत तरी ते खूश.

एका सदस्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. सौराष्ट्रात स्वयंपाक शेंगदाणा तेलात करायची पद्धत आहे, म्हणून त्यांचं जेवण वेगळ्या कढईत, सूर्यफूल तेलात व्हायला हवं. भाजीत, कोशिंबिरीत कूटही नको. दुसऱ्या एकीला गहू चालत नाही. बाजरीचा रोटला तिला उत्तम, पण पोळपाटावर गव्हाचं पीठ भुरभुरू नये. बांधणीच्या हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा तिच्या फोडणीला हिंग नकोच.

कवळीवाल्यांची संख्या विचारू नका! गार झालेला रोटला आमच्याच्याने तुटत नाही. पातळ गरम फुलके, आणि रात्री रोज मऊ खिचडी किंवा आसट भात एवढं कायम ठेवा. तिखट सर्वांनाच बेताचं.

सहलीच्या चौथ्या दिवशी एकादशी येते. नऊ जणांचा उपास आहे. साबुदाणा सगळे करतात, पण उपास करणाऱ्या मधुमेहींना राजगिऱ्याची भाकरी आणि दुधीची भाजी बरी. तिकडे वरीला मोरैयो म्हणतात, तसं सांगितलंत तर गोंधळ होणार नाही. उपासाचं सगळं सैंधव मिठात.

जाताना बोरिवलीहून सौराष्ट्र मेल पकडतोय. त्या रात्रीचा डबा आम्ही ठाण्याहून घरचाच नेऊ. द्वारकेहून सोमनाथला जाताना दुपारचं जेवण पोरबंदरला ठरवा, ढाब्यावर आयत्या वेळी शोधाशोध नको. बसमध्ये सीलबंद पाणी आणि प्रत्येक हॉटेलात रात्री खोलीत थर्मासभर गरम पाणी एवढं पाहा. जास्तीचं इन्सुलिन ठेवायला हॉटेलच्या फ्रीजमध्ये जागा लागेल, मात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

कुणाला कोणता आजार, हे मी इथे नावानिशी लिहीत नाही. खोलीनिहाय यादी तुमच्या सहल व्यवस्थापकाच्या हातात देईन, ती रिसेप्शनवर चिकटवू नये.

तिन्ही हॉटेलांकडून "होईल" किंवा "होणार नाही" असं लेखी उत्तर शुक्रवारपर्यंत कळवा. जिथे वेगळी कढई जमणार नसेल तिथे आत्ताच सांगा, आम्ही त्या सदस्याची सोय घरून करून नेऊ. वेगळ्या पदार्थांचे जादा पैसे होत असतील तर तेही आत्ताच कळवा. उरलेला हप्ता त्यानंतर भरू.

आपली,
विद्या
संयोजक, ज्येष्ठ नागरिक कट्टा, नौपाडा, ठाणे