बाळाच्या क्रीममुळे उठलेल्या पुरळाबाबत तक्रार

सातारा,
3 फेब्रुवारी 2025

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी मुलगी अन्वी अकरा महिन्यांची आहे. थंडीत तिचे गाल कोरडे पडले म्हणून 22 जानेवारीला राजवाड्याजवळच्या मेडिकलमधून आपले कडुनिंब-हळदीचे बेबी क्रीम घेतले (50 ग्रॅम, बॅच बीएम 0417, 185 रुपये). खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’

तिसऱ्या दिवशी गाल लाल झाले. मी लगेच खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. आपल्या माणसाने सांगितले, “ताई, हर्बल आहे, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. लावत राहा, बसेल दोन दिवसांत.” त्याच्या शब्दावर मी आणखी दोन दिवस क्रीम लावले. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

26 तारखेच्या रात्री गालांवर आणि मानेच्या वळीत बारीक पुरळ उठले, त्यातून पाणी येऊ लागले. ती सारखी गाल ओरबाडत होती. शेवटी सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या चिंध्या तिच्या हातांना गुंडाळल्या. दूध पिताना गाल माझ्या अंगाला घासला की किंचाळून तोंड सोडायची.

सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “या क्रीममध्ये काय काय आहे?” मी ट्यूब पुढे केली. कडुनिंब, हळद, कोरफड यांचे मिलिग्रॅम लिहिलेले, आणि खाली ‘क्रीम बेस, क्यू. एस.’ एवढेच. क्रीमला अत्तरासारखा वास येतो, पण तो कशाचा, क्रीम टिकायला काय घातले, याचा एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, अशी ॲलर्जी सुगंधी द्रव्याने येते, वनस्पतीच्या अर्कानेही येते. कशाची ते कळल्याशिवाय पुढे काय टाळायचे हे सांगता येणार नाही. आमच्या घरात बाळाला साय-हळद लावतात, हळदीला मी घाबरत नाही. आपण जे छापलेच नाही, त्याची मला भीती वाटते.

या बॅचमधील सर्व घटकांची संपूर्ण यादी सात दिवसांत लेखी पाठवा, ती डॉक्टरांना हवी आहे. बॅचची तपासणी करा आणि अहवाल द्या. ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य खोक्यावरून काढा, आणि पुरळ उठल्यावरही ‘लावत राहा’ असे सांगणे आजपासून बंद करा. क्रीमची किंमत आणि उपचाराचा खर्च मिळून 1,835 रुपये परत मिळावेत. पण पैसे देऊन यादी टाळली, तर ते मला चालणार नाही. उत्तर आले नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

उरलेली ट्यूब आपल्याकडे पाठवणार नाही. ती तपासणीसाठी जपून ठेवली आहे.

आपली,
सौ. वर्षा जाधव

सोबत: खरेदीची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी व औषधांची बिले यांच्या प्रती, 27 जानेवारीला काढलेले तीन फोटो