गणित चाचणी: गेलेले 17 गुण कोणत्या क्रमाने परत मिळवायचे

तुझा पेपर पुन्हा एकदा नीट पाहिला. 40 पैकी 23 पडले. पुढच्या पेपरला दोन आठवडे आहेत, म्हणून धडा पहिल्यापासून सुरू करू नकोस. जे गुण कमी कष्टात परत येतात, तिथूनच सुरुवात कर.

आधी हे 5 गुण: तुला येत असूनही गेलेले

घनफळाच्या दोन्ही उत्तरांत आकडा बरोबर आहे, पण घन सेमी लिहिलेलं नाही. तिथे 2 गेले. समरूप त्रिकोणांच्या सिद्धतेत आणखी 3 गेले. DE ∥ BC दिलंय, तू ∠ADE = ∠ABC लिहिलंस आणि थेट पुढे गेलीस. समोर कंसात "संगत कोन" हवं होतं, ∠A पुढे "सामाईक कोन" आणि शेवटी "को-को कसोटी". सिद्धतेत गुण कारणांनाच असतात. आज आणि उद्या जुन्या वहीतल्या चार सिद्धता घे आणि फक्त कारणांचा रकाना भर. बाकी काही लिहायचं नाही.

मग 3 गुण: एकच चूक, दोन प्रश्न

7, 11, 15… या श्रेढीचं 20 वं पद तू 7 + 20 × 4 = 87 काढलंस. पहिल्या पदापासून विसाव्यापर्यंत उड्या 19 च होतात, म्हणून 7 + 19 × 4 = 83. पुढच्या प्रश्नातही (n − 1) ऐवजी n च घेतलाय. सूत्र पाठ करण्याआधी दुसरं आणि तिसरं पद त्याच सूत्रानं काढून बघ, चूक लगेच दिसेल. एक संध्याकाळ पुरे.

2 गुण: चिन्ह

x² − 5x − 24 = 0 चे अवयव (x − 8)(x + 3) अगदी बरोबर, पण मुळं −8 आणि 3 लिहिलीस. ती 8 आणि −3 आहेत. उत्तर समीकरणात ठेवून बघायला अर्धा मिनिट लागतो. रोज दोन वर्गसमीकरणं सोडव आणि दोन्हींचा ताळा लिहूनच थांब.

उंची व अंतर: 4 गुण, दोन तुकड्यांत

हा प्रश्न तू कोरा सोडलास, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. आकृती काढून अवनत कोन योग्य जागी दाखवला आणि tan चं गुणोत्तर मांडलं, तर टप्प्यांचे निम्मे गुण मिळू शकतात. म्हणून आधी सहा उदाहरणांच्या नुसत्या आकृत्या काढ, आकडेमोड नंतर. अवनत कोन क्षैतिज रेषेपासून खाली मोजतात, उभ्या रेषेपासून नाही. तुझ्या कच्च्या कामात तिथेच गडबड दिसते.

शेवटी 3 गुण: शाब्दिक उदाहरण

दोन अंकी संख्या तू x + y धरलीस. दशकस्थानी x असेल तर संख्या 10x + y. पण समीकरण मांडण्याचा सराव लवकर होत नाही, म्हणून हे शेवटच्या चार दिवसांत. वेळ कमी पडला तर हेच गाळ, वरचं काहीही नाही.

शनिवारी सिद्धतांची वही घेऊन ये, कारणं मी तपासते.